झाडूवाल्याची जन्मतारीख

“कोनं आणलं हे परत? मी इचारून राह्यलो, कोनं आणलं?”

शेटजी ओरडत होते आणि त्यांच्या ओरडण्याच्या वर संगणकाचा भोंगा ओरडत होता. वाशीमच्या धान्यबाजारातलं त्यांचं अडत दुकान, समोर सोयाबीनच्या ट्रॅक्टरांची रांग, आणि आत टेबलावर ताठ बसलेली ती ऑपरेटर मुलगी. पडद्यावर हे एवढं लाल पान उघडलेलं, त्यावर सोनेरी झाडूचं चित्र, आणि खाली इंग्रजीत लिहिलेलं की तुमच्या संगणकात चारशे तेरा दोष सापडले आहेत, झाडायचे असतील तर इथे दाबा. त्या लाल पानाखाली एका शेतकऱ्याची काटापट्टी, म्हणजे मालाच्या वजनाची पावती, अर्धी टाइप होऊन गाडली गेली होती. भोंगा असा की वाशीमच्या स्टेशनात उभ्या असलेल्या गाडीला तो सिग्नल वाटला आणि ती सुटली, असं मी पुढे वर्षभर लोकांना सांगितलं. सात-आठ जणांना ते खरंही वाटलं.

मी बॅग घेऊन दारात उभा होतो. मला बोलावूनच आणलं होतं.

“शेटजी, मी नाही आणलं,” ती म्हणाली. “सकाळीच काढलं होतं मी त्याले. कालबी काढलं होतं.”

“मंग ते काय एसटीत बसून आलं तुह्यासंगं?”

रांगेतले हसले. ती अनसिंगहून रोज एसटीने यायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. हमालांनी तिचं नाव भोंगाबाई ठेवलं होतं. खोटं कशाला सांगू, हमालांनी नाही, मी ठेवलं होतं. हमालांनी ते फक्त पोत्याबरोबर इकडून तिकडे वाहिलं.

आता मी कोण ते सांगतो. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. लोक मला उस्ताद म्हणतात. म्हणजे आधी मी स्वतःच म्हणत होतो, मग लोकांच्याही तोंडी बसलं. मेलेला संगणक माझ्या टेबलावर ठेवला की तो उठून चहा मागतो, अशी माझी ख्याती होती, आणि ती मी जातीने सांभाळत होतो. माझा खरा जोर होता वेगात. दुसरा मिस्तरी जिथे दिवस लावतो, तिथे मी दीड तासात सगळं पुसून, नवीन विंडोज टाकून, वरून सगळी सॉफ्टवेअर भरून मोकळा. कसा? माझ्याकडे एक पेनड्राइव्ह होता. त्याला मी पोतडी म्हणायचो. मराठी टायपिंगचं, पट्ट्या छापायचं, गाणी वाजवायचं, फाइली उघडायचं, जगात जे फुकट मिळतं ते सगळं त्या पोतडीत. एकेक सेटअप उघडायचा आणि नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट. कोणत्या पानावर काय लिहिलंय, कुठल्या चौकटीत आधीच बरोबरची खूण केलेली आहे, हे वाचणारा मिस्तरी नवशिका समजला जातो. आमच्या धंद्यात नेक्स्ट दाबायचा वेग म्हणजेच हुशारी. मी तर डोळे मिटून दाबत असे, आणि गिऱ्हाईक बघत असलं तर मुद्दाम मिटून.

शेटजींचा जुना ऑपरेटर सोडून गेला तेव्हा त्यांनी मला बोलावलं. जुनं सगळं पुसून टाका, म्हणाले, त्यानं कायकाय भरून ठेवलं देव जाने. रविवार होता, बाजार बंद. शेटजींनी कुलूप उघडून दिलं आणि ते जेवायला घरी गेले. मी, पोतडी आणि रिकामं दुकान. दीड तासाच्या जागी सव्वा तासात उरकलं आणि किल्ली घरी नेऊन दिली.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, ही मुलगी कामावर आली. महिनाभर पाहू, शेटजी म्हणाले, जमलं तर पक्की करू. तिच्या आधी घरातल्या कोणी पंख्याखाली बसून काम केलेलं नव्हतं. कॉम्प्युटरचा कोर्स तिने दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जाऊन पुरा केला होता. हे तिने कधी मला सांगितलं नाही, शेटजींनीच सांगितलं, ते सुद्धा अशा स्वरात की पाहा आपण केवढे उदार.

आणि त्याच सोमवारी सकाळी पडद्यावर पहिल्यांदा तो लाल पानावरचा झाडूवाला उगवला.

बाजारातल्या माणसाला दोन गोष्टी एकाच दिवशी घडल्या की तिसरी विचारायची गरज राहत नाही. बाई आली, झाडू आला. शेटजींचा हिशोब तिथेच संपला.

दुसऱ्या आठवड्यात झाडूसाठी मला पहिल्यांदा बोलावलं. मी रुबाबात गेलो. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन झाडूवाला अनइन्स्टॉल केला. टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअपची यादी असते, म्हणजे संगणक सुरू होताच कोणकोण आपोआप उठून बसतं त्यांची, तिथेही तो होता. त्याला डिसेबल केला. मग टाळ्या मिळतील अशा बेताने खुर्ची मागे ढकलली आणि म्हणालो, “शेटजी, जाळून राख केली. आता हे परत दिसलं तर समजून घ्या, कोनी हातानं आणलं.”

हे शेवटचं वाक्य मला कोणी विचारलं नव्हतं. मिरवायला म्हणून बोललो. शेटजींनी ते लक्षात ठेवलं, आणि मुलीनेही.

झाडूवाला परत यायला दुसरी सकाळ लागली नाही.

तिने मला दोनदा फोन केला. ती भोळी नव्हती. एका रेघी वहीत तिने त्याच्या येण्याच्या वेळा लिहून ठेवल्या होत्या आणि फोनवर वाचून दाखवल्या. नऊ चाळीस. दहा पंचवीस. अकरा दहा. अकरा पंचावन्न. काढून टाकला तरी पुढच्या वेळेला हजर. “दादा, बराबर पंचेचाळीस मिनिटानं येते,” ती म्हणाली. “मानूस एवढा टायमावर नसते.”

कुठलाही शहाणा मिस्तरी इथे उठून बसला असता. मी दुकानात चार लोक बसलेले होते म्हणून फोन स्पीकरवर टाकला आणि म्हणालो, “ताई, घड्याळाकडं पाहत बसता म्हनून पट्ट्या होत नाहीत तुमच्या.” चौघे हसले. फोन तिने ठेवला की मी, ते आठवत नाही.

तर, महिना भरायला चार दिवस राहिले होते तेव्हाची ही सकाळ. शेटजी ओरडतायत, भोंगा ओरडतोय, मी दारात.

मी आधी भोंगा बंद केला. स्पीकरची वायरच उपटली, हा उपाय गेला महिनाभर कोणाला सुचला नव्हता. मग खुर्ची घेतली. ती उठून माझ्या मागे उभी राहिली. शेटजी गादीवर, रांगेतले पाच-सहा जण उंबऱ्यापर्यंत आत आलेले. मला प्रेक्षक असले की हात चांगले चालतात.

स्टार्टअपची यादी पाहिली. मी डिसेबल केलेली जुनी नोंद बंदच होती, आणि तिच्या खाली त्याच झाडूची नवी नोंद, चालू. म्हणजे कोणीतरी पुन्हा लिहिली होती. तेवढ्यात टेबलावरची तिची वही उघडी दिसली. आता मात्र मी ती वाचली. पानंच्या पानं, पंचेचाळीस, पंचेचाळीस, पंचेचाळीस. जेवणाच्या सुट्टीतही, ती टेबलापासून दूर असतानाही. त्या वेळांपुढे तिने लिहिलं होतं, ‘मी बाहेर’.



संगणकात एक टास्क शेड्यूलर असतो. गावच्या कोतवालासारखा समजा. त्याला सांगून ठेवायचं की अमुक वेळेला तमुक माणसाला उठव, की तो उठवतोच. माणूस गाव सोडून गेलाय की मेलाय, हे पाहायचं काम त्याचं नाही. पहिल्या खेपेला मी कोतवालाकडे गेलोच नव्हतो. आता उघडला. आणि मधोमध एक टास्क, म्हणजे कोतवालाला नेमून दिलेलं काम, नाव असं सोज्वळ की सिस्टिमच्याच कामाचा वाटावा. तो कधी उठवतो ते पाहिलं. संगणकात लॉगिन होताच एकदा, आणि मग दर पंचेचाळीस मिनिटांनी. काय करतो ते पाहिलं. एका लपवलेल्या फोल्डरमधली छोटी स्क्रिप्ट चालवतो. ती स्क्रिप्ट नोटपॅडमध्ये उघडली. सरळ होती. झाडूवाला जागेवर आहे का बघ. नसेल तर शेजारी ठेवलेल्या सेटअपमधून गुपचूप पुन्हा टाक. स्टार्टअपमध्ये त्याची नोंद लिही. आणि त्याला उठव.

पोरगी बिचारी महिनाभर फांद्या तोडत होती. मीही एक दिवस येऊन फांदीच तोडून गेलो होतो, वर राखेच्या गोष्टी सांगून.

मग मी यादी उजवीकडे सरकवली. शेवटच्या रकान्यात ते टास्क कधी तयार झालं त्याची तारीख आणि वेळ असते. रविवार. दुपारी चार वाजून सतरा मिनिटं.

कुलूपबंद बाजार, शेटजी जेवायला घरी, आणि मी डोळे मिटून नेक्स्ट दाबतोय. ती मुलगी त्या वेळी अनसिंगमध्ये होती, तिने या दुकानाचा उंबरा अजून पाहिला नव्हता. पोतडीतल्या कुठल्या फुकट्या सेटअपने झाडूवाल्याला पोटात घालून आणलं होतं, ते मला त्याच क्षणी कळलं. आणि हेही कळलं, की त्याच पोतडीतून मी बाजारातली साडेतीनशे दुकानं भरली आहेत. बरं, एकवीस.

“सापडलं काय, उस्ताद?” शेटजींनी विचारलं. “कोनाचं काम हाय?”

मी बोलायच्या आधी मागून तिचा आवाज आला. हळू, पण सगळ्यांना ऐकू येईल असा. “दादा, त्याच्यावर तारीख नसते काय? कवा टाकलं ते?”

तारीख माझ्या नाकापासून वीतभर लांब होती. मी बोट ठेवून म्हणायचं होतं, शेटजी, हे पाहा, रविवार. एवढंच. तिची नोकरी त्या एका बोटावर होती, आणि माझं दुकानही.

मी माउस सोडला आणि खुर्ची शेटजींकडे फिरवली.

“तारीख असते, ताई,” मी म्हणालो, “पन ती रोज बदलते. तिचा काही भरोसा नाही.”

हे धादांत खोटं होतं. ती तारीख तशीच राहते, जन्मतारखेसारखी. पण तिथे खरं-खोटं सांगणारा दुसरा कोणी नव्हता. आणि खोटं एकटं उभं राहिलं तर ओकंबोकं दिसतं, म्हणून मी त्याला गोष्टीचे कपडे घातले. मंगरूळपीरच्या एका दुकानातली ऑपरेटर बाई, म्हणालो, साड्यांची डिझाइनं फुकटात पाहायची. एक डिझाइन दाबलं की एक भूत आत. श्रावण संपेपर्यंत संगणकात बारा भुतं. मालकाने मांत्रिक आणला. मांत्रिकाने नारळ फोडला तर आतून खोबऱ्याऐवजी साडीचं बिल निघालं. भुतं कशी एकमेकांशी माउससाठी भांडायची, तेही मी आवाज काढून दाखवलं. एक म्हातारा शेतकरी हसताहसता पोत्यावर बसला. शेटजींच्या डोळ्यांत पाणी आलं. गोष्ट चांगली पाच-सात मिनिटं चालली. माझ्या आयुष्यातल्या उत्तम गोष्टींपैकी ती एक आहे, अजूनही मागणी असते तिला. मी नाव कोणाचंच घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती, गोष्ट संपली तेव्हा सगळे बघत तिच्याकडेच होते.

“म्हंजे हे असंच कायतरी पाहून राह्यली ही,” शेटजी म्हणाले.

“मी कायले म्हनू,” मी म्हणालो. “आजकालच्या पोरी हुशार असतात.”

मग मी कामाला लागलो, आणि या खेपेला काम चोख केलं. चालू झाडूवाल्याला आधी संपवला. मग टास्क डिलीट केलं, कारण ते राहिलं तर बाकीचं सगळं ते पुन्हा लिहून काढतं. खरं तर काढण्याआधी अशा टास्कची एक प्रत काढून ठेवावी, हा नियम मला पाठ आहे. नाही काढली. यादीतून ते गेलं आणि त्याच्याबरोबर रविवार दुपारचे चार सतराही गेले. मग रजिस्ट्रीतल्या नोंदी, स्टार्टअप फोल्डरमधला त्याचा शॉर्टकट. मग प्रोग्राम अनइन्स्टॉल केला, आणि शेवटी ती स्क्रिप्ट आणि सेटअप ज्यात होते ते लपलेलं फोल्डर. संगणक बंद करून पुन्हा चालू केला. काही उठलं नाही. तरी पंचेचाळीस मिनिटं थांबावं लागेल, म्हणालो.

त्या पंचेचाळीस मिनिटांत चहा आला. त्याच पंचेचाळीस मिनिटांत शेटजींनी तिचं उरकलं. ओरडून नाही, आता त्यांचा मूड चांगला होता. उद्यापासून येऊ नको, एवढंच. तिने महिना शनिवारी भरतो म्हटलं. शेटजी म्हणाले, महिना भरून काय करायचं, पक्कं तर होनार नाही तुहं. तिने एक शेवटची गोष्ट सांगायचा प्रयत्न केला, वही पुढे केली, मी बाहेर असतानाच्या वेळा पाहा म्हणाली. शेटजींनी वही हातात धरली, उलटी होती का सुलटी ते त्यांनीही पाहिलं नाही, आणि माझ्याकडे दिली. मी दोन पानं चाळली. “अक्षर मस्त हाय,” मी म्हणालो.

उंबऱ्यातला एक जण हसला. तिने वही परत घेतली, डबा पिशवीत ठेवला, स्कार्फ बांधला. जाताना ती अर्धी राहिलेली काटापट्टी तिने उभ्या उभ्या पुरी टाइप करून छापून त्या शेतकऱ्याच्या हातात दिली. तो बिचारा सकाळपासून थांबला होता. बाहेर हमालांनी भोंग्याचा आवाज काढला. छान काढला, माझ्याकडूनच शिकले होते.

पंचेचाळीस मिनिटं झाली. पडदा स्वच्छ. दीड तास झाला, स्वच्छ. शेटजींनी मांडीवर थाप मारली. “पाह्यलं? बाई गेली, झाडू गेला.”

“हो न,” मी म्हणालो.

पुढच्या दोन आठवड्यांत मी एकवीसही दुकानं फिरलो. सर्व्हिसिंग म्हणून. नऊ ठिकाणी कोतवालाकडे झाडूवाला बसलेला सापडला, सगळीकडून उपटला. कुठे स्पीकरच नव्हता, कुठे लोकांनी झाडूवाल्याला विंडोजचाच भाग समजून सवय करून घेतली होती. लोकांनी वर माझे आभार मानले, हा माणूस न बोलावता येतो म्हणून. पोतडी मात्र जाळली. यात अतिशयोक्ती नाही, खरंच चुलीत घातली, घरभर प्लास्टिकचा वास सुटला. शेटजींकडे नवीन ऑपरेटर आला. त्याला काही त्रास झाला नाही, म्हणून तो फार हुशार ठरला.

भोंगाबाईची गोष्ट मी सगळीकडे सांगत राहिलो. सांगताना तीत दरवेळी काहीतरी वाढायचं. एकदा तर तिने झाडूवाल्याशी लग्न लावल्याचंही सांगितलं.

सात-आठ महिन्यांनी मोटरसायकलच्या कागदासाठी मंगरूळपीरला गेलो होतो. कचेरीबाहेर फॉर्म भरून देणाऱ्यांच्या टपऱ्या आहेत. एका टपरीत लॅपटॉपसमोर ती बसलेली. मला वाटलं ओळखणार नाही. तिने माझे कागद घेतले, नाव विचारलं नाही, सरळ टाइप केलं. पत्र्याखाली उकाडा मरणाचा. पंखा नव्हता.

नेट अडकलं होतं. गोल चक्र फिरत होतं आणि आम्ही दोघं त्याच्याकडे बघत होतो. मला गप्प बसता येत नाही, हा माझा रोग. मी म्हणालो, “ताई, एक सांगायचं होतं. तो झाडू माह्याच पेनड्राइव्हमधून आलता. त्या टास्कवर रविवारची तारीख होती. तुमी तर सोमवारी आल्या.” आणखीही बोललो. दुकानाचं नाव, मुलांच्या फिया, एकवीस दुकानं. ऐकायला कोणी तिसरं नव्हतं, म्हणून गोष्ट काही रंगत नव्हती. चुकलंच म्हणालो. शेटजींना मी आता सांगू शकतो, म्हणालो, तुमी म्हनत असाल तर.

तिने माझ्या कागदांना टाचणी मारली.

“त्याची गरज नाही,” ती म्हणाली. “तुमी साड्यावाल्या बाईची गोष्ट सांगून राह्यले होते तवा मी त्या तारखेचा फोटो काढला होता. संध्याकाळी शेटजीच्या घरी जाऊन दाखवला. ते म्हने, उस्ताद कायले खोटं बोलंल.”